अवतरण वाक्यात कसं गुंफावं: 'तुतारी'तल्या तेरा शब्दांच्या आधाराने

प्रश्न: मराठी साहित्यात एम.ए. करते आहे. निबंधात भरपूर अवतरणं देते, तरी दर वेळी समासात शेरा येतो, 'तुमचं म्हणणं कुठे आहे?' केशवसुतांच्या 'तुतारी'वर लिहिताना मी 'जुने जाऊ द्या मरणालागुनि / जाळुनि किंवा पुरुनि टाका / सडत न एक्या ठायी ठाका' या ओळी दिल्या आणि खाली लिहिलं, 'या ओळींतून कवीची जुन्या परंपरेविरुद्धची बंडखोर वृत्ती दिसून येते.' यात चुकलं काय? आणि अवतरण वाक्यातच गुंफायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

सुरुवात 'दिसून येते'पासून करू. तुम्ही उतरवलेल्या तीन ओळींत तेरा शब्द आहेत. बंडखोर वृत्ती त्यांतल्या कोणत्या शब्दात दिसते? 'जुने'मध्ये, 'टाका'मध्ये, की 'सडत'मध्ये? तुमच्या वाक्यावरून ते कळत नाही. तेरा शब्द वाचकाच्या हातात ठेवून 'यातून शोधून घ्या' असं सांगितल्यासारखं ते होतं. शेरा लिहिणाऱ्याला खटकतं ते हेच.

एक साधी परीक्षा करून बघा. तीन ओळींवर हात ठेवा आणि खालचं वाक्य एकटं वाचा. ते या कवितेच्या कुठल्याही कडव्याखाली चालेल. जी वाक्यं कुठेही चालतात त्यांना पुराव्याची गरजच नसते, म्हणून पुरावा त्यांच्याशी जोडलाही जात नाही. आता उलट करा. वाक्यावर हात ठेवा आणि ओळी वाचा. वाचक तुमच्या मदतीशिवाय तिथेच पोचेल. म्हणजे जे सांगायचं ते ओळींनीच सांगितलं, आणि तुम्ही त्यांच्या खाली सही केली.

त्यामुळे अवतरण गुंफण्याच्या आधीची पायरी विधानाची आहे. ते असं हवं की एखादा समंजस वाचक 'नाही, मला तसं वाटत नाही' म्हणू शकेल. 'केशवसुत बंडखोर होते' हे कुणी नाकारणार नाही, म्हणून ते सिद्धही करावं लागत नाही. नाकारता येण्याजोगं विधान सापडतं ते शब्दांपाशी थांबल्यावर. या ओळींपाशी थांबून बघू.

'जाळुनि किंवा पुरुनि.' नाश करण्याच्या कितीतरी रीती आहेत: तोडणे, फोडणे, उखडणे, चिरडणे. कवीने निवडलेल्या दोन मात्र अशा आहेत ज्या आपण मृतदेहाच्या बाबतीत वापरतो. दहन आणि दफन. त्यांच्यामध्ये 'किंवा' आहे, जणू दोन्ही मार्ग त्याला सारखेच, काम उरकल्याशी कारण. मागच्या ओळीत 'मरणालागुनि' आहे आणि पुढच्या ओळीत 'सडत'. मरण, विल्हेवाट, कुजणं असा क्रम तीन ओळींत लागतो. हे लक्षात आलं की 'बंडखोर' हा शब्द अपुरा वाटायला लागतो. बंडखोर जिवंत शत्रूशी लढतो. इथे जुनं लढण्याच्या अवस्थेत नाहीच, ते मरणाच्या वाटेवर आहे, आणि त्याचं पुढे काय करायचं एवढाच प्रश्न उरला आहे.

आता विधान मिळालं: या कडव्यात कवी जुन्यावर हल्ला करायला सांगत नाही, तो जुन्याचा अंत्यविधी उरकायला सांगतो. हे नाकारता येतं. कुणी म्हणेल, 'जाळुनि' म्हणजे जाळपोळच. म्हणून इथे पुरावा लागतो, आणि कोणता लागतो तेही विधानच सांगतं. तेरा शब्दांपैकी 'एक्या ठायी' या विधानाच्या कामाचं नाही. 'जाळुनि किंवा पुरुनि' आणि 'सडत' कामाचे आहेत.

कोणता शब्द अवतरणात घ्यायचा हे ठरवताना मी एक गोष्ट हमखास करतो. तो शब्द बदलून बघतो. 'जाळुनि किंवा पुरुनि' ऐवजी 'तोडुनि किंवा फोडुनि' घाला. माझं विधान लगेच कोसळतं. याचा अर्थ विधान त्या शब्दांवर उभं आहे, म्हणून ते शब्द जसेच्या तसे दाखवायलाच हवेत. आता 'एक्या ठायी' ऐवजी 'जागच्या जागी' घाला. विधानाला काही होत नाही. मग तो भाग माझ्या शब्दांत सांगायला हरकत नाही. या एका कसोटीने अवतरणं आपोआप आखूड होतात. बहुतेक वेळा एक ते पाच शब्द उरतात.

आता गुंफणं. ते इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या नियमांनी मराठीत नीट साधत नाही, कारण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं आणि नामाला विभक्ती चिकटते. दोन्ही गोष्टींचा इथे थेट संबंध येतो.

पहिली गोष्ट, वाक्याचं शेवटचं क्रियापद तुमचं असावं. 'कवी म्हणतो की जुने जाऊ द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका' या रचनेत तुमच्या वाट्याला फक्त 'म्हणतो' येतं आणि वाक्य संपतं ते कवीच्या 'टाका'वर. विधान करायला जागाच उरत नाही. त्याऐवजी: 'जुने "जाळुनि किंवा पुरुनि" मोकळे होण्याचे हे आवाहन युद्धाचे नसून अंत्यविधीचे आहे.' इथे कवीचे तीन शब्द वाक्याच्या पोटात आहेत आणि शेवटचा निर्णय तुमचा आहे. हे इतकं सहज बसलं याचं कारण व्याकरणात आहे. 'जाळुनि', 'पुरुनि' ही आजच्या 'जाळून', 'पुरून' यांची जुनी रूपं, म्हणजे आधी होणारी क्रिया दाखवणारी, पण वाक्य पूर्ण न करणारी. ती स्वतःच पुढच्या क्रियापदाची वाट बघत असतात आणि ते क्रियापद तुम्ही पुरवू शकता. कवितेतून अवतरण उचलताना अशी रूपं शोधावीत, ती पटकन मिसळतात.

आज्ञार्थी क्रियापदं मात्र मिसळत नाहीत. 'टाका' आणि 'ठाका' समोरच्या लोकांना उद्देशून आहेत, तर तुमचं वाक्य कवीविषयी बोलतं. 'कवी जुने टाका सांगतो' हे वाक्य लंगडं होतं. इथे 'असे' किंवा 'म्हणून' लागतं: 'जुने नुसते सोडू नका, "टाका", असे कवी सांगतो.' किंवा त्या शब्दाला नामासारखं वागवा: '"टाका" या आज्ञेत'. दोन्ही चालतात. मला दुसरं अधिक आवडतं, कारण 'आज्ञा' हा शब्द निवडताना तुम्ही थोडं विश्लेषण आधीच केलेलं असतं. '"टाका" या शब्दात' म्हटलं तर ती संधी वाया जाते. 'या शब्दात' ऐवजी 'या आज्ञेत', 'या विनंतीत', 'या धमकीत', 'या उपमेत' असं नेमकं नाव द्यायची सवय लावा. अवतरणाला जे नाव द्याल ते तुमचं वाचन असतं. नाव चुकलं तर वाचकाला चूक पकडताही येते, आणि तसं पकडता येणं चांगलंच.

विभक्तीचं म्हणाल तर गोंधळ होतो तो असा. 'मरणालागुनि' या शब्दात विभक्तीचं काम आधीच झालेलं आहे, त्याचा अर्थ 'मरणाकडे', 'मरणाला'. त्याला पुन्हा प्रत्यय लावून '"मरणालागुनि"ला पाठवतो' असं लिहिलं की वाचक अडखळतो. दोन वाटा आहेत. एक, शब्द त्याच्या मूळ जागीच ठेवायचा: 'जुन्याला "मरणालागुनि" जाऊ देणे ही पहिली पायरी'. इथे त्याची विभक्ती तुमच्या वाक्यातही तेच काम करते. दुसरी वाट, फक्त कल्पना हवी असेल तर अवतरणचिन्ह सोडून द्यायचं आणि आपल्या शब्दांत 'मरणाकडे' म्हणायचं. 'मरण' हा काही केशवसुतांचा खास शब्द नाही. प्रत्येक सामान्य शब्दाला चिन्हं लावली की परिच्छेद ठिगळं लावल्यासारखा दिसतो, आणि ज्या शब्दावर खरं लक्ष जायला हवं तो त्या गर्दीत हरवतो.

जे करू नये ते म्हणजे आपल्या वाक्याला बसावं म्हणून चिन्हांच्या आतलं रूप बदलणं. 'जाळुनि'चं गुपचूप 'जाळून' केलं तर ते कवीचं राहत नाही. जुन्या छापांत तुम्हाला 'जुनें', 'जाऊं' असे अनुस्वारही दिसतील. ते ठेवायचे की आजच्या लेखनाप्रमाणे काढायचे हे एकदा ठरवा, तुमच्या हातातली आवृत्ती पाळा आणि शेवटपर्यंत तसंच लिहा. कवितेच्या ओळी गद्यात सलग लिहिताना जिथे ओळ तुटते तिथे तिरकी रेघ द्या, नाहीतर लय कुठे मोडली ते वाचकाला कळणार नाही.

आता गुंफलेल्या शब्दानंतर काय? पुष्कळ विद्यार्थी इथे थांबतात. शब्द सुबक बसवतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. पण 'जाळुनि किंवा पुरुनि' दाखवलं म्हणजे ते अंत्यविधीचे शब्द आहेत हे आपोआप सिद्ध होत नाही. ते कशामुळे, हे त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात सांगावं लागतं: एका ओळीत दहन आणि दफन शेजारी येतात, आणि हे दोन शब्द एकत्र येण्याची सगळ्यात ओळखीची जागा मृतदेहाची आहे. हा दुवा लिहायचा राहिला तर अवतरण आखूड असूनही तुमच्या जुन्या तीन ओळींसारखंच मुकं राहतं. लांबी कमी करणं हा इलाज नाही, दुवा दाखवणं हा इलाज आहे. आखूड अवतरणाचा फायदा इतकाच की दुवा चुकवणं अवघड जातं.

शेवटी 'सडत'कडे येऊ. मला या कडव्यातला सगळ्यात मोलाचा शब्द हाच वाटतो, आणि बहुतेक निबंधांत तो नुसता उतरवला जातो, त्याच्याशी कुणी बोलत नाही. कोण सडतं आहे? पहिल्या दोन ओळी वाचून वाटेल, जुनं. पण वाक्यरचना बघा: 'सडत न एक्या ठायी ठाका', म्हणजे सडत एका जागी उभे राहू नका. सडणारे ऐकणारे आहेत. प्रेताची विल्हेवाट लावली नाही तर त्याच्याजवळ थांबणारे जिवंत लोकच कुजू लागतील, असा त्या ओळीचा रोख आहे. एका शब्दाचा कर्ता कोण हे विचारल्यावर विधान पुढे सरकलं: अंत्यविधी हा मेलेल्याच्या सन्मानासाठी नाही, जिवंत माणसांच्या बचावासाठी आहे.

इथे प्रामाणिकपणाची एक कसोटी येते. 'टाका' हा शब्द माझ्या 'अंत्यविधी'ला थोडा विरोध करतो. अंत्यविधीत आपण देह टाकत नाही, निरोप देतो. 'जाळुनि टाका' यात उरकून टाकण्याची घाई आहे, थोडी तुच्छताही. हा शब्द गाळून फक्त 'जाळुनि किंवा पुरुनि' घेतलं तर माझं विधान गुळगुळीत दिसेल, पण ओळीतला अडचणीचा शब्द मी लपवला असं होईल. म्हणून तो आत घ्यायचा आणि विधान त्याप्रमाणे वाकवायचं: हा अंत्यविधी आहे, पण शोक नसलेला. विरोधी शब्द सामावून घेतल्यावर विधान कमजोर होत नाही. ते अधिक नेमकं होतं.

उलट दिशेने होणारी चूक याच कडव्याच्या शेवटी वाट बघते आहे. शेवटची ओळ 'खांद्यास चला खांदा भिडवुनी' अशी आहे. अंत्यविधीचं वाचन एकदा डोक्यात बसलं की 'खांदा' दिसताच वाटतं, हा तर प्रेताला दिलेला खांदा! मीही पूर्वी एका टिपणात असं लिहून बसलो होतो, आणि वाचणाऱ्याने एकाच शब्दाखाली रेघ मारून ते परत केलं: 'भिडवुनी'. खांदा देणं वेगळं, खांद्याला खांदा भिडवणं वेगळं. दुसरं सोबत चालणाऱ्या माणसांचं आहे. मी नुसतं 'खांदा' उचललं होतं आणि त्याचं क्रियापद मागे ठेवलं होतं, म्हणून तो अर्थ निघाला. आखूड अवतरणाचा खरा धोका हाच. शब्द जितके कमी, तितकं त्यांना हवं तिकडे वळवणं सोपं. तेव्हा शब्द कापल्यावर एकदा मूळ वाक्यात परत जायचं आणि त्याचा कर्ता, त्याचं क्रियापद आणि जवळपासचा 'न' किंवा 'नाही' तपासायचा. 'सडत न'मधला 'न' सुटला तर अर्थ पूर्ण उलटतो.

तसंच 'जाऊ द्या' आणि 'टाका' यांचं. 'जाऊ द्या'मध्ये आपण काही करत नाही, जे जातंय त्याला अडवत नाही. 'टाका'मध्ये हाताने काम करावं लागतं. फक्त पहिलं उचललं तर कवी शांतपणे वाट पाहायला सांगतो असं लिहिता येईल. फक्त दुसरं उचललं तर तो आक्रमक ठरेल. दोन्ही निबंधांत अवतरणं बिनचूक असतील आणि दोन्ही निबंध अर्धे असतील. एका ओळीच्या अंतरात सोडून देण्यापासून विल्हेवाटीपर्यंत स्वर कसा बदलतो, हेच खरं तर लिहिण्याजोगं आहे.

आता तुमचा परिच्छेद मी असा लिहीन:

> 'तुतारी'तील जुन्याविषयीचा आवेश लढाईचा वाटला तरी त्याची भाषा अंत्यविधीची आहे. सुरुवातीला जुन्याला केवळ 'जाऊ द्या' एवढेच कवी सांगतो. ते मरणाच्या वाटेवर आहे, त्याला अडवू नका, इतकाच त्याचा अर्थ. पुढच्याच ओळीत मात्र हातांना काम मिळते. 'जाळुनि किंवा पुरुनि' या जोडीत दहन आणि दफन शेजारी येतात, आणि शत्रूपेक्षा मृतदेहाची विल्हेवाट डोळ्यांसमोर उभी राहते. हा निरोप हळवा नाही, हे 'टाका' या तुटक आज्ञेतून जाणवते. शोकाला इथे वेळ नाही, कारण धोका जिवंतांना आहे: 'सडत' हे विशेषण कवी जुन्याला लावत नाही, एका जागी थांबलेल्या ऐकणाऱ्यांना लावतो. जुन्यापाशी रेंगाळणारे जुन्यासारखेच कुजतील, अशी ही ताकीद आहे.

यात कवीचे शब्द मोजलेत तर सातच भरतात, 'जाऊ द्या' धरून. तुमच्या परिच्छेदात तेरा होते. तरीही इथे कविता अधिक दिसते, कारण प्रत्येक शब्दाला एक काम दिलेलं आहे आणि कोणतंही वाक्य कवीच्या शब्दावर संपत नाही. एक दुरुस्ती मात्र मीच सुचवतो. 'सडत' हे काटेकोरपणे विशेषण नाही, ते 'ठाका'शी जोडलेलं, कसं ठाकू नका हे सांगणारं रूप आहे. तेव्हा 'सडत या शब्दाचा रोख जुन्याकडे नाही, एका जागी थांबलेल्या ऐकणाऱ्यांकडे आहे' असं लिहा. अवतरणाला दिलेलं नाव चुकलं तर ते पकडता येतं असं वर म्हटलं, त्याचं हे उदाहरण.

पूर्ण ओळी उतरवू नयेत असा मात्र नियम नाही. तुमचं विधानच ओळींच्या चालीबद्दल असेल, उदाहरणार्थ 'टाका', 'ठाका' आणि त्यापुढच्या ओळीतलं 'हाका' हे यमक एकामागून एक कसं आदळतं याबद्दल, तर तीन शब्द वाक्यात ओवून ते ऐकू येणार नाही. तिथे कडवं स्वतंत्रपणे, ओळींच्या रचनेसह द्या. फक्त त्यानंतर त्या ओळींपाशी निदान तितक्याच जागेत थांबा, आणि ते आदळणं नेमकं कोणत्या ओळींच्या शेवटी होतं तिथे बोट ठेवा.